एका व्होल्टला पाच वेढे

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या दुकानात जळका ट्रान्सफॉर्मर आला की कारागीर आधी मीटर हातात घेत नाही, पट्टी घेतो. पत्र्याच्या पातळ स्टॅम्पिंग्ज हातोडीने ठोकून मोकळ्या करायच्या, मधल्या दांड्याची रुंदी मोजायची, सगळ्या पट्ट्या एकावर एक दाबून थराची जाडी मोजायची. रुंदी तीन सेंटिमीटर, जाडी तीन सेंटिमीटर, गुणाकार नऊ. मग तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहितो: पंचेचाळीस भागिले नऊ, पाच. म्हणजे एका व्होल्टला पाच वेढे. प्रायमरी २३० व्होल्टची, म्हणून १,१५० वेढे. सेकंडरी १२ व्होल्टची, म्हणून ६०; भार पडल्यावर तांब्याच्या तारेतच थोडा दाब खर्च होतो, त्याची भरपाई म्हणून वर तीन, एकूण ६३. हिशेब संपला. बॉबिन यंत्रावर चढते आणि काउंटर टकटकायला लागतो.

हा पंचेचाळीस आकडा आला कुठून, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी ‘उस्तादांनी सांगितला’ असं उत्तर मिळतं. उस्ताद बरोबरच होते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात फळ्यावर मांडलं जाणारं ट्रान्सफॉर्मरचं ईएमएफ समीकरण त्या एका आकड्यात घडी घालून ठेवलेलं आहे. ती घडी उलगडायला फार गणित लागत नाही.

सुरुवात २९ ऑगस्ट १८३१ या दिवसापासून करावी लागते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने मऊ लोखंडाच्या कड्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी वेटोळी गुंडाळली होती. एक बॅटरीला जोडलेलं, दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई. बॅटरी जोडताना सुई हलली, काढताना उलटी हलली, आणि मधल्या काळात, प्रवाह सुखाने वाहत असताना, जागच्या जागी राहिली. दुसऱ्या वेटोळ्यात वीज उमटते ती चुंबकत्व असल्यामुळे नव्हे, तर ते बदलत असल्यामुळे. लोखंडातून जाणाऱ्या एकूण चुंबकत्वाला फ्लक्स म्हणतात आणि ते वेबरमध्ये मोजतात. एका वेढ्यातून जाणारा फ्लक्स एका सेकंदात एक वेबरने बदलला, तर त्या वेढ्याच्या दोन टोकांत एक व्होल्ट दाब उमटतो. वेढे शंभर असतील तर शंभर व्होल्ट, कारण प्रत्येक वेढा आपला दाब आधीच्याला जोडत जातो.

आता हाच नियम कारागिराच्या नऊ चौरस सेंटिमीटरच्या कोअरला लावून पाहू. लोखंडात चुंबकत्व किती दाटीने भरायचं, हे टेस्लामध्ये सांगतात. स्टॅम्पिंगचा साधा पत्रा एक टेस्लाला आरामात राहतो. एक टेस्ला म्हणजे एका चौरस मीटरमधून एक वेबर. नऊ चौरस सेंटिमीटरच्या दांड्यातून मग फ्लक्स जातो ०.९ मिलिवेबर. हा त्याचा शिखराचा आकडा. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. त्या आवर्तनात फ्लक्स शून्यावरून शिखरावर चढतो, परत शून्यावर येतो, उलट दिशेच्या शिखरावर जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. चार सारखे टप्पे, प्रत्येकाला पाच मिलिसेकंद.

म्हणजे पाच मिलिसेकंदांत ०.९ मिलिवेबरची चढण. भागाकार केला की सेकंदाला ०.१८ वेबर, अर्थात एका वेढ्यामागे सरासरी ०.१८ व्होल्ट. पण आपण जिला २३० व्होल्ट म्हणतो ती सरासरी नव्हे. ते वर्गमध्यमूळ मूल्य असतं, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसी दाबाइतकं. साइन लहरीत ते सरासरीच्या १.११ पट भरतं. ०.१८ गुणिले १.११ केलं की बरोबर ०.२ व्होल्ट. एका वेढ्याला ०.२ व्होल्ट, म्हणून एका व्होल्टला पाच वेढे. पुठ्ठ्यावरचा पाच हा असा आला.

आकड्यांच्या जागी अक्षरं घातली की तेच समीकरण होतं. एक आवर्तन 1/f सेकंदांचं, त्याचा चौथा हिस्सा 1/(4f). तेवढ्या वेळात फ्लक्स Φm इतका बदलतो, म्हणून सरासरी दाब 4fΦm. त्याला १.११ ने गुणलं की चाराचे ४.४४ होतात. N वेढ्यांसाठी:

E = 4.44 × f × Φm × N

आणि Φm म्हणजे घनता गुणिले कोअरचं क्षेत्रफळ, B × A. पुस्तकात हे कलनशास्त्राने काढतात: साइन लहरीचं विकलन केलं की 2πf बाहेर येतो आणि वर्गमूळ दोनने भागल्यावर तोच ४.४४ हाती लागतो. त्यात ५० हर्ट्झ, एक टेस्ला आणि चौरस सेंटिमीटर घालून एका व्होल्टचे वेढे काढले, तर उत्तर येतं ४५ भागिले क्षेत्रफळ. उस्तादांच्या पंचेचाळीसात वारंवारता आणि पत्र्याची कुवत दोन्ही आधीच धरलेल्या आहेत. या दोहोंतली एक जरी बदलली तरी तो आकडा लंगडा पडतो, ही गोष्ट मात्र पुठ्ठ्यावर लिहिलेली नसते.

समीकरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अनेकांना उलटी वाटते. त्यात करंट कुठेच नाही. सेकंडरीवर दिवा लावा, मोटर लावा, नाहीतर काहीच लावू नका. कोअरमधला फ्लक्स जवळजवळ तेवढाच राहतो. सेकंडरीच्या ६० वेढ्यांतून चार अँपियर वाहू लागले की ते २४० अँपियर-वेढ्यांच्या जोराने कोअरमधलं चुंबकत्व पुसायला निघतात. फ्लक्स जरासा ढळताच प्रायमरीतला उलट दाब कमी पडतो आणि मेनमधून तेवढाच जादा करंट आत ओढला जातो. १,१५० वेढ्यांतून साधारण ०.२१ अँपियर, म्हणजे पुन्हा २४० अँपियर-वेढे. हिशेब फिटतो, फ्लक्स मूळ जागी. ‘लोड जास्त झाला म्हणून कोअर सॅच्युरेट झाली’ हे वाक्य दुकानांत आणि कधीकधी वर्गांतही ऐकू येतं, पण ते खरं नाही. जादा लोडने तांबं जळतं. कोअर दमते ती जास्त व्होल्टेजने, कमी वेढ्यांनी किंवा कमी फ्रिक्वेन्सीने.

कमी वेढ्यांचा मोह मोठा असतो, कारण तांबं वजनावर मिळतं आणि वेढे मोजायला गिऱ्हाईक येत नाही. समजा, १,१५० ऐवजी ८०० वेढेच भरले. मेनचे २३० व्होल्ट तर तेच आहेत. ते पेलण्यासाठी प्रत्येक वेढ्याला जास्त फ्लक्स लागणार. घनता एक टेस्लावरून १.४४ वर जाते. पत्रा चांगला असेल तर इथवर चालून जातं. मग रात्री गावातला भार उतरतो, दाब २६० वर चढतो आणि घनता १.६ च्या पुढे सरकते. साध्या सिलिकॉन पत्र्याचा हा गुडघा. याच्यापुढे लोखंडातले सगळे कण जवळपास एका दिशेला वळून झालेले असतात. फ्लक्स आणखी थोडा वाढवायला करंट मात्र कितीतरी पट ओढावा लागतो. ट्रान्सफॉर्मर काहीही न जोडता घूं घूं करतो, पत्रे थरथरतात, तासाभरात हात लावता येत नाही.

दुकानात हे ओळखायचं साधन म्हणजे सिरीज बल्ब. शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा प्रायमरीच्या वाटेत जोडायचा आणि सेकंडरी मोकळी ठेवायची. ट्रान्सफॉर्मर धड असेल तर दिव्याची तार जेमतेम लालसर दिसते किंवा दिसतही नाही. दिवा उजळला तर काहीतरी बिघडलं आहे. पण काय? वेढे कमी पडले तरी दिवा उजळतो आणि आतले दोन वेढे एकमेकांना टेकून शॉर्ट झाले तरीही उजळतो. मग सिरीज दिवा काढून व्हेरिॲक आणि अँपियरमीटर लावावा लागतो. दाब २३० वरून हळूहळू १८० वर आणला आणि करंट कोसळल्यासारखा उतरला, तर कोअर सॅच्युरेट होत होती. करंट दाबाच्या प्रमाणातच सावकाश उतरला, तर वेढा शॉर्ट आहे आणि बॉबिन पुन्हा उकलण्यावाचून इलाज नाही.

आता कोअरच्या आकाराकडे वळू. समीकरण सांगतं की व्होल्ट कोअरच्या क्षेत्रफळावर ठरतात. मग एखाद्याने म्हणावं, लहान कोअर घेऊ आणि वेढे वाढवू. एक चौरस सेंटिमीटरची कोअर घेतली तर व्होल्टला ४५ वेढे, प्रायमरीला दहा हजारांवर. समीकरणाला यात काहीच खटकत नाही. खटकतं ते कोअरच्या खिडकीला. मधला दांडा आणि बाजूचा दांडा यांच्यामधली ती मोकळी जागा, जिच्यातून सगळं तांबं जायचं असतं. वेढे वाढले की तार बारीक घ्यावी लागते, आणि बारीक तारेत करंट कमी.

म्हणून ट्रान्सफॉर्मरची ताकद दोन क्षेत्रफळांच्या गुणाकारावर ठरते. लोखंडाचं क्षेत्रफळ व्होल्ट देतं, खिडकीचं क्षेत्रफळ अँपियर देतं. आपल्या तीन सेंटिमीटर दांड्याच्या नेहमीच्या ई-आय पट्टीला प्रत्येक बाजूची खिडकी दीड सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच असते, म्हणजे पावणेसात चौरस सेंटिमीटर. बॉबिनचं प्लास्टिक, कागद, एनॅमलचा थर आणि गोल तारांमधल्या फटी वजा जाता त्यातला सुमारे तीस टक्के भाग निव्वळ तांब्याला मिळतो. त्यातलं अर्धं प्रायमरीचं, अर्धं सेकंडरीचं. तारेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून अडीच अँपियर धरले, तर ट्रान्सफॉर्मर निघतो ५० व्हीएचा. बारा व्होल्टला चार अँपियर. स्टॅम्पिंगचं वजन बाराशे ग्रॅमच्या आसपास.

या हिशेबातून एक गंमत दिसते. कोअरची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर लोखंडाचं क्षेत्रफळ चौपट, खिडकी चौपट, म्हणून ताकद सोळापट. वजन मात्र आठपटच. मोठा ट्रान्सफॉर्मर किलोमागे जास्त काम करतो. पण उष्णता वजनाच्या प्रमाणात आठपट निघते आणि ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढतो फक्त चौपट. शेताच्या बांधावरच्या डीपीला तेलाची टाकी आणि बाहेरून नळ्या का लागतात, हे इथे कळतं. तिथे वेढ्याला मिळणारा दाबही वेगळ्या मापाचा असतो. १०० केव्हीएच्या डीपीत एका वेढ्याला साडेचार व्होल्टच्या आसपास धरतात. त्यासाठी दीड टेस्लाच्या जरा वर चालणाऱ्या चांगल्या पत्र्याचा, सुमारे १३० चौरस सेंटिमीटरचा दांडा लागतो. मग खालच्या दाबाच्या बाजूला, फेजच्या २५० व्होल्टसाठी, जेमतेम ५५ वेढे पुरतात.

राहिली वारंवारता. हिचा हिसका परदेशातून सामान आणणाऱ्यांना बसतो. न्यू जर्सीत वापरलेला जुना, जड अँप्लिफायर भाऊ पुण्याला येताना घेऊन येतो. त्याच्या पाठीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. घरचे २३० चे १२० करणारा कन्व्हर्टर आणतात, अँप्लिफायर सुरू होतो, आवाजही छान येतो. तासाभरात झाकण तापतं. कन्व्हर्टरने व्होल्ट बदलले, पण हर्ट्झ बदलायची सोय त्याच्यात नव्हती. ६० हर्ट्झला चौथा हिस्सा ४.१७ मिलिसेकंदांचा होता, इथे तो पाच मिलिसेकंदांचा झाला. तेवढेच व्होल्ट जास्त वेळ ढकलत राहिले की फ्लक्स जास्त चढतो, इथे थेट वीस टक्के. कारखान्यात १.४ टेस्लाला बेतलेली कोअर १.६८ वर जाते. दुकानातला जाणता माणूस अशा वेळी म्हणतो, “दादा, एकशेवीस नका देऊ, शंभरच द्या.” त्याचं बरोबर आहे. १२० भागिले ६० दोन आणि १०० भागिले ५० सुद्धा दोन; फ्लक्स जिथला तिथे येतो. आवाजाची ताकद थोडी घटते, ती किंमत मोजावी लागते.

याच तर्काची उलट टोकं रेल्वे आणि विमानात दिसतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या रेल्वेमार्गांवर १६.७ हर्ट्झची वीज धावते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटरी त्याहून जास्त वारंवारतेला ठिणग्या पाडत, म्हणून ती निवड झाली, आणि तिथल्या इंजिनांच्या पोटात आजही ५० हर्ट्झच्या मानाने जडजूड ट्रान्सफॉर्मर वागवावे लागतात. विमानात प्रत्येक किलो इंधन खातो, म्हणून तिथे वीज ४०० हर्ट्झची. तेवढेच व्होल्ट, तेवढीच घनता आणि तेवढेच वेढे ठेवले तर कोअरचं क्षेत्रफळ आठव्या हिश्श्यावर येतं.

मग हजारो हर्ट्झ का नकोत? पत्र्याच्या कोअरला ते सोसत नाही. बदलता फ्लक्स तारेत दाब उमटवतो तसाच लोखंडातही उमटवतो आणि पत्र्याच्या जाडीत भोवऱ्यासारखे करंट फिरू लागतात. त्यांची उष्णता वारंवारतेच्या वर्गाने वाढते: हर्ट्झ दुप्पट, उष्णता चौपट. पत्रे पातळ करत जाण्यालाही मर्यादा आहे. पुढचा रस्ता फेराइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून भट्टीत भाजलेल्या काळ्या सिरॅमिकचा. त्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून भोवरे उठत नाहीत. पण फेराइटची कुवत कमी. ०.३ ते ०.४ टेस्लाला ते सॅच्युरेट होतं, आणि एक लाख हर्ट्झला तर त्याच्याही फार खाली, ०.१ टेस्लाच्या आसपास थांबलेलं बरं, नाहीतर सॅच्युरेट होण्याआधीच ते नुसतं तापतं.

आपल्या ५० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरची गाठ आता याच्याशी घालून पाहू. वारंवारता ५० वरून एक लाखावर, दोन हजारपट. घनता एक टेस्लावरून ०.१ वर, दहावा हिस्सा. निव्वळ फायदा दोनशेपट. दोन क्षेत्रफळांचा गुणाकार दोनशेपट लहान चालेल, म्हणजे वजन पन्नासेकपट कमी. बाराशे ग्रॅमची स्टॅम्पिंग जाते आणि वीस-पंचवीस ग्रॅमचा काळा तुकडा येतो. मोबाइलचा चार्जर खिशात मावतो तो यामुळे. (छोट्या चार्जरमधला तुकडा आधी ऊर्जा साठवून मग सोडतो, त्यामुळे त्याचा हिशेब थोडा वेगळा, वारंवारतेचा नियम तोच.)

या तुकड्यावर वेढे किती घालायचे, याला उस्तादांचा पंचेचाळीस उपयोगी नाही. इथला दाब साइन लहरीचा नसतो. मेनची डीसी करून ती चौकोनी ठोक्यांनी तोडलेली असते. चौकोनी लहरीत सरासरी आणि वर्गमध्यमूळ मूल्य एकच, म्हणून १.११ गळतो आणि ४.४४ च्या जागी निखळ चार उरतात. मेनच्या डीसीचे निम्मे, म्हणजे सुमारे १६० व्होल्ट, अर्धा चौरस सेंटिमीटर फेराइट, एक लाख हर्ट्झ आणि ०.१ टेस्ला घातले की प्रायमरीला वेढे निघतात ८०. तारही एकेरी जाड घेऊन चालत नाही. या वारंवारतेला करंट तांब्याच्या वरच्या ०.२ मिलिमीटरच्या सालीतूनच वाहतो आणि आतलं तांबं फुकट जातं, म्हणून केसासारख्या कितीतरी तारा पिळून त्यांची दोरी करतात.

आणि इथे वेढ्याला दोन व्होल्ट पडतात. लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर ६३ च्या जागी ६४ वेढे झाले तर ०.२ व्होल्टचा फरक, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण या तुकड्यावर पाच व्होल्ट हवे असतील तर हिशेब सांगतो अडीच वेढे. अर्धा वेढा घालता येत नाही. तार खिडकीतून एकदा गेली की तो एक पुरा वेढा धरला जातो. बनवणारा तीन घालतो आणि जादाचा एक व्होल्ट कापण्यासाठी ठोक्यांमधला चालू वेळ कमी करायचं काम कंट्रोलर चिपवर सोपवतो.